करडा बगळा, पांढरा बगळा, की दोघांचं पिल्लू? फोटोवरून ओळखायचं कसं

मागच्या हिवाळ्यात एका मित्राने मला व्हॉट्सॅपवर तीन फोटो पाठवले आणि खाली एकच शब्द, "हायब्रिड!!". ओहोटीच्या चिखलात उभा असलेला पाटीसारखा करडा बगळा, पण पंखावर पाच-सहा पांढरी पिसं आणि पोटावरही पांढरे ठिपके. त्याच्या ग्रुपमध्ये तोवर चार मतं पडली होती, एकाच्या मते डार्क मॉर्फ, म्हणजे जातीचीच नेहमीची गडद आवृत्ती, दुसऱ्याच्या मते लिटल इग्रेट मेलानिस्टिक झालाय, म्हणजे अपवादाने काळवंडलाय, तिसरा म्हणतोय अर्धवट अल्बिनो आणि चौथा अर्थात हायब्रिड. गंमत म्हणजे चौघंही फक्त रंगाकडे बघून बोलत होते, चोचीबद्दल कुणी एक अक्षर काढलं नव्हतं.

हे बगळ्यांचं प्रकरण मी मुद्दाम घेतोय कारण यात मॉर्फ, अल्बिनो आणि हायब्रिड या तिन्ही भानगडी एकाच ठिकाणी सापडतात. वेस्टर्न रीफ इग्रेट हा किनाऱ्यावरचा बगळा, पश्चिम आफ्रिकेचा किनारा, तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि तिथून भारताच्या किनाऱ्यापर्यंत दिसतो. तो दोन रंगांत जन्मतो, एक करडा आणि एक पूर्ण पांढरा, आणि अधूनमधून दोन्हींची भेसळ असलेलेही निघतात. त्याचा जवळचा भाऊ लिटल इग्रेट, तो पांढराच असतो, पण फार क्वचित त्याच्यातही गडद पक्षी निघतो. आणि वर हे दोघं एकमेकांशी जोडी जमवतात, स्पेनमध्ये अशा मिश्र जोड्या आणि त्यांची पिल्लं नोंदली गेली आहेत. म्हणजे फोटोत करडा बगळा दिसला तर तो किमान तीन गोष्टींपैकी काहीही असू शकतो, आणि पांढरा दिसला तरी सुटका नाहीच.

मी ज्या क्रमाने फोटो तपासतो तो क्रम खाली देतोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण रंग आधी बघितला की डोकं तिथेच अडकतं आणि मग बाकी सगळ्या खुणा आपण त्या मतात बसवत जातो.

आधी फोटो खोटं बोलतोय का ते बघा

पहिलं काम म्हणजे मूळ फाइल मागा. व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, त्यात चोचीची कड आणि पायाचा रंग सगळ्यात आधी मरतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. शिवाय एकच "चांगला" फोटो नको, त्या वेळी काढलेले सगळे मागा, हललेले, मान वळवलेले, उडतानाचे, सगळे. लोक सुंदर फोटो पाठवतात आणि कामाचा फोटो डिलीट करतात हे माझं जुनं दुखणं आहे.

मग उजेड बघा. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर पांढरा बगळा सरळसरळ करडा दिसतो, कारण कॅमेरा मागच्या चकाकत्या पाण्याप्रमाणे एक्स्पोजर ठरवतो आणि पक्षी काळवंडतो. मी स्वतः यात एकदा चांगला आपटलोय. संध्याकाळचा फोटो होता, बगळा शिसवी करडा, मी छाती ठोकून डार्क मॉर्फ सांगून मोकळा झालो, आणि फोटो काढणाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याच मालिकेतला पुढचा फोटो टाकला ज्यात तोच पक्षी उन्हाकडे वळला होता आणि दुधासारखा पांढरा होता. तेव्हापासून मी आधी फ्रेममध्ये ओळखीची पांढरी वस्तू शोधतो. बाजूला दुसरा पांढरा पक्षी असेल, फेस असेल, बोटीचा पांढरा पट्टा असेल, ती वस्तू त्याच उजेडात पांढरी दिसतेय आणि पक्षी करडा दिसतोय, तरच तो करडा. आणि ती वस्तूही करडी दिसत असेल तर तुमच्या हातात अजून काहीच नाही.

उलटही होतं. भर दुपारी पांढरा पक्षी जळून जातो, म्हणजे पिसांची रेघही उरत नाही, आणि त्याच्यासोबत चोचीची वरची कड पांढऱ्यात विरघळते, मग जाड चोच बारीक दिसायला लागते. अशा फोटोत चोचीबद्दल बोलूच नका. एडिटिंगमध्ये शॅडो वर खेचलेला फोटोही तसाच, करड्या पक्ष्याच्या अंगावर फिकट डाग उमटतात जे मुळात नव्हतेच.

चिखल, तेल आणि काजळीही लक्षात ठेवा. डाग पडलेला पक्षी खालच्या बाजूने मळलेला असतो, पाण्याच्या रेषेपर्यंत किंवा छातीवर, आणि पिसं चिकटून त्यांच्या काड्या झालेल्या दिसतात. जन्मजात करडा रंग पिसाच्या बुडापासून टोकापर्यंत जातो आणि पिसं सुटी, नीट दिसतात.

आता रंग झाका आणि बांधा बघा

हे मी शब्दशः करतो, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करतो. रंग गेला की डोळा आपोआप आकाराकडे वळतो.

या दोन बगळ्यांत आकारमानावर जाऊ नका, दोन्ही साधारण 55 ते 65 सेंमीच्या आसपास, एकटा उभा असताना लहान-मोठा काही कळत नाही. बघायची ती चोच. लिटल इग्रेटची चोच सुरीसारखी, बारीक आणि सरळ, बुडापासून टोकापर्यंत एकसारखी निमुळती होत जाते. रीफ इग्रेटची चोच बुडाशी जाड असते आणि वरची कड टोकाकडे किंचित खाली झुकते, म्हणजे एखाद्या वापरून वापरून वाकलेल्या कोयत्याची आठवण यावी इतपतच, फार नाही. पक्षी अगदी बाजूने उभा असेल तेव्हाच हे दिसतं. मान थोडी जरी कॅमेऱ्याकडे वळली तरी चोच आखूड आणि जाड दिसते, आणि मग लिटल इग्रेटचाही रीफ होतो.

खात्री करायची सोपी पद्धत आहे, स्क्रीनवर मोजा. कोणत्याही फोटो एडिटरमध्ये पिसं संपतात तिथून टोकापर्यंत चोचीची लांबी पिक्सेलमध्ये घ्या आणि बुडाशी जाडी घ्या, मग लांबीला जाडीने भागा. समजा करड्या पक्ष्याची लांबी 180 आणि जाडी 30 आली तर गुणोत्तर 6, आणि त्याच फ्रेममधल्या ओळखीच्या लिटल इग्रेटचं 175 ला 25 म्हणजे 7, तर करड्याची चोच खरंच जाड आहे. हे आकडे फक्त उदाहरणाला घेतलेत, पाठ करू नका. पद्धतीचा उपयोग एकाच फ्रेममधले, एकाच कोनातले दोन पक्षी तुलना करायला आहे. वेगवेगळ्या दिवसांचे फोटो घेऊन गुणोत्तरं जुळवत बसलात तर लेन्स आणि कोन मिळून तुम्हाला हवं ते उत्तर देतील.

पायही बघा. रीफ इग्रेटचे पाय जरा जाडसर, एकूण पक्षी बसका आणि मानेला दणकट वाटतो. ही खूण मी एकटी कधीच वापरत नाही, पण चोचीने एक बाजू सांगितली आणि पायांनीही तीच सांगितली तर बरं वाटतं.

मग उघड्या कातडीचे रंग, पण सावधपणे

चोच, पाय, पंजे आणि चोच ते डोळा यामधली उघडी कातडी, यांचे रंग पिसांच्या रंगापेक्षा जास्त भरवशाचे, असं सगळीकडे सांगतात. बरोबर आहे, पण त्यातही खड्डे आहेत.

पूर्ण वाढलेल्या लिटल इग्रेटची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे, जणू पिवळे मोजे घातलेत. काळा आणि पिवळा यांच्यात स्पष्ट रेघ असते. रीफ इग्रेटचे पाय हिरवट किंवा तपकिरी झाक असलेले, आणि पंजाचा पिवळा रंग तिथे न थांबता वर नडगीवर चढत जातो, रेघ धूसर असते. चोच भारताकडच्या पक्ष्यांत पिवळट-तपकिरी असते, पण पश्चिम आफ्रिकेच्या पक्ष्यांत बरीच गडद असते, म्हणून फोटो कुठला आहे हे माहीत नसताना "चोच गडद म्हणजे लिटल" हा नियम लावू नका.

पहिला खड्डा म्हणजे पिल्लं. लिटल इग्रेटचं यंदाचं पिल्लू फिकट चोच आणि हिरवट पाय घेऊन फिरतं, आणि हुबेहूब पांढऱ्या रीफ इग्रेटसारखं वाटतं. किती तरी "व्हाइट मॉर्फ रीफ" मला असेच मिळालेत. त्यांना वेगळं करायला परत चोचीच्या आकाराकडेच यावं लागतं. दुसरा खड्डा म्हणजे विणीचा हंगाम. ऐन भरात लिटल इग्रेटची डोळ्यासमोरची कातडी लालसर होते, पंजेही पिवळ्याचे नारिंगी-लाल होतात, आणि हा रंग थोडेच दिवस टिकतो. त्या दिवसांतला फोटो पुस्तकातल्या चित्राशी जुळवला तर पक्षी काहीतरी भलताच वाटतो. तिसरा खड्डा सगळ्यात साधा, चिखल. पंजे चिखलात असतील तर ते काळेच दिसणार. पंज्याचा रंग हवा असेल तर उडतानाचा फोटो शोधा, तो हललेला असला तरी चालतो, मागे ताणलेले पाय आणि पंजे त्यात बहुतेक वेळा दिसतात.

करडा रंग खरा ठरला, आता कुणाचा?

इथपर्यंत आलात म्हणजे तुमच्याकडे खरंच गडद असलेला पक्षी आहे. आता आठवा की डार्क मॉर्फ हा काही आजार नाही, ती त्या जातीची नेहमीची एक आवृत्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत येते आणि दोन्ही रंगांचे पक्षी एकाच वसाहतीत घरटी करतात. मेलानिझम जेव्हा एखाद्या जातीत क्वचितच दिसतो तेव्हा तो अपवाद असतो. म्हणून समोर काय आहे हे ठरवताना "या भागात, या जातीत हा रंग किती नेहमीचा आहे" हा प्रश्न विचारावाच लागतो. रीफ इग्रेट जिथे नियमित आहे तिथल्या किनाऱ्यावरचा करडा बगळा बहुतेक वेळा रीफच असतो. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत तळ्यावर दिसलेला करडा बगळा मात्र मला जास्त वेळ द्यायला लावतो.

रीफच्या डार्क मॉर्फला हनुवटी आणि गळा पांढरा असतो, हे ठसठशीत दिसतं. बऱ्याच पक्ष्यांना उडताना पंखाच्या पुढच्या भागात पांढरा डागही दिसतो. गळा पांढरा दिसला तर रीफच्या बाजूने वजन पडतं. नाही दिसला तर लगेच उलटं ठरवू नका, मान आत ओढलेली असेल किंवा सावली असेल. गडद लिटल इग्रेट म्हणायचं असेल तर माझी अट अशी की चोच बारीक, सरळ, काळी हवी, पाय काळे हवेत, पिवळे मोजे स्वच्छ हवेत, आणि हे सगळं एकाच पक्ष्यात दिसायला हवं. एकही गोष्ट मधलीच असेल तर मी ते नाव लिहीत नाही.

रंग जातो पण बांधा आणि नक्षी राहते हे पटत नसेल तर ब्लॅक पँथर आठवा. तो काळा बिबट्याच, आणि तिरक्या उन्हात त्याच्या अंगावरची फुलं दिसतात. मलाय द्वीपकल्पात जवळपास सगळे बिबटे काळे असल्याने अभ्यासकांना ठिपक्यांवरून वेगळे जनावर ओळखता येईना, मग त्यांनी कॅमेरा ट्रॅपचा उजेड मोजणारा सेन्सर झाकला, कॅमेऱ्याला दिवसाही रात्र वाटली आणि इन्फ्रारेड फ्लॅश पडायला लागला, आणि काळ्या कातडीखालचे ठिपके फोटोत उमटले. बगळ्याला ठिपके नाहीत, पण त्याची चोच आहे, आणि तिचं काम तेच.

पांढरा दिसला म्हणून अल्बिनो नव्हे

अल्बिनो हा शब्द लोक मीठ टाकावं तसा वापरतात. खऱ्या अल्बिनोत मेलानिन, म्हणजे काळं-तपकिरी रंगद्रव्य, बनतच नाही, पिसात नाही, कातडीत नाही आणि डोळ्यातही नाही. म्हणून बाहुली लालसर किंवा गुलाबी दिसते. पण पिवळे-लाल रंग जे खाण्यातून येतात, म्हणजे कॅरोटिनॉइड, ते राहतात. त्यामुळे अल्बिनो पक्ष्याच्या पायात किंवा चोचीत पिवळा असेल तर तो पिवळा राहतो आणि काळा असेल तो भाग गुलाबी-फिकट पडतो.

आता हे बगळ्याला लावून बघा, मजा आहे. नेहमीच्या लिटल इग्रेटची पिसं पांढरीच आहेत, पण चोच आणि पाय काळेभोर आहेत, म्हणजे त्याच्या अंगात मेलानिन व्यवस्थित आहे, फक्त पिसांत जात नाही. तो अल्बिनो नाही. व्हाइट मॉर्फ रीफही नाही. अल्बिनो लिटल इग्रेट निघालाच तर त्याची पिसं तशीच पांढरी दिसतील आणि फरक पडेल तो चोच-पायात आणि बाहुलीत. म्हणजे "पांढरा बगळा, फिकट चोच" अशा फोटोमागे रीफचा व्हाइट मॉर्फ, लिटलचं पिल्लू, एखादा अल्बिनो, किंवा मुळात पिवळ्याच चोचीचा दुसराच बगळा, गायबगळा वगैरे, यातलं काहीही असू शकतं. अशा वेळी फोटो पूर्ण झूम करून डोळा बघा. बुबुळ पिवळं आणि मध्ये काळी बाहुली दिसली तर अल्बिनो बाद. फ्लॅश वापरला असेल तर मात्र लाल बाहुली हा पुरावा नाही, तो फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या आतून परत आलेला असतो, तेव्हा फ्लॅशशिवायचा फोटो हवा.

आणखी एक, मोठा झालेला अल्बिनो जंगलात फार क्वचित भेटतो, कारण डोळ्यात मेलानिन नसल्याने नजर कमजोर असते आणि बगळ्यासारख्या मासे टिपणाऱ्या पक्ष्याला कमजोर नजर म्हणजे उपाशी राहणंच. मेलानिन पिसाला मजबुतीही देतं, म्हणून पांढरी पिसं लवकर झिजतात आणि पंखाची टोकं फाटकी दिसतात. त्या फाटक्या टोकांवरून पंखाची लांबी मोजून जात ठरवायला जाऊ नका, हे मी एका पांढऱ्या कावळ्याच्या फोटोवर होताना बघितलंय.

करड्या अंगावर पांढरी पिसं असतील तर त्याची दोन-तीन कारणं असतात. ल्युसिझममध्ये रंगपेशीच काही भागात पोचत नाहीत, तिथली पिसं पूर्ण पांढरी, डोळ्याचा रंग मात्र नेहमीचाच, आणि पांढरे भाग जन्मापासून असतात. दुसरा प्रकार म्हणजे वयाप्रमाणे दर पिसगळीला थोडी थोडी पांढरी पिसं वाढत जाणं, ती अंगभर कुठेही विखुरलेली असतात. बाहेरून एका फोटोत हे दोन्ही सारखेच दिसू शकतात, वेगळे करायचे तर तोच पक्षी पुढच्या वर्षी बघावा लागतो. आणि रीफ इग्रेटच्या बाबतीत तिसरं कारणही आहे, जे बहुतेक वेळा खरं असतं, ते म्हणजे मधला मॉर्फ किंवा पिल्लाची ठिपकेदार पिसं. पांढऱ्या वाघाचंही असंच, लोक अल्बिनो म्हणतात पण पट्टे काळे आणि डोळे निळे असतात, मेलानिन हजर आहे.

हायब्रिड हे उत्तर शेवटी

हायब्रिड म्हणायचा मोह फार मोठा असतो, कारण ते उत्तर सगळ्या विचित्र गोष्टी एका झटक्यात गिळतं. माझा नियम असा की एका खुणेवर हायब्रिड कधीच नाही. किमान तीन वेगळ्या ठिकाणच्या खुणा दोन आईबापांच्या मधल्या हव्यात, म्हणजे चोचीचा आकार मधला, पायाचा रंग मधला आणि पिसं मधली, आणि यातली कुठलीही गोष्ट शुद्ध जातीतल्या वयाने किंवा मॉर्फने समजावता येत नसावी.

सगळ्यात वाईट म्हणजे हायब्रिड नेहमी आईबापांच्या मधलाच दिसतो असं नाही, कधी कधी तो तिसऱ्याच जातीसारखा दिसतो. याचं प्रसिद्ध उदाहरण बदकांत आहे. टफ्टेड डक आणि कॉमन पोचार्ड यांचा नर हायब्रिड लेसर स्कॉपसारखा दिसतो, पाठ करडी, डोकं गडद आणि चकाकणारं, बाजू फिकट. युरोपात अमेरिकेचा दुर्मिळ पाहुणा आला म्हणून धावपळ व्हायची आणि निघायचा हा घरचाच मुलगा. तिथे सुटका चोचीच्या टोकाने होते. लेसर स्कॉपच्या चोचीवर काळं असतं ते फक्त टोकाच्या नखाएवढं, हायब्रिडमध्ये ते काळं बाजूला पसरलेलं असतं, कारण पोचार्डच्या चोचीचं टोक काळंच आहे. मग बाकीचंही बघतात, डोक्यामागे तुऱ्याचा छोटा टेंगूळ आहे का (टफ्टेडकडून), आणि डोळा स्वच्छ पिवळा आहे की नारिंगीकडे झुकतोय (पोचार्डचा लाल डोळा मिसळून). हे तिन्ही एकाच पक्ष्यात दिसलं की हायब्रिड म्हणायला जागा आहे. याला मी खरी केस म्हणतो, कारण तिन्ही खुणांचा मालक कोण ते बोट दाखवून सांगता येतं.

बगळ्यांत इतकं सोपं नाही. लिटल आणि रीफच्या पहिल्या पिढीच्या संकरात चोच आणि पाय मधले दिसू शकतात आणि अंग मळकट करडं-पांढरं, पण तो पक्षी परत लिटलशी जोडी जमवून पिल्लं काढू शकतो, आणि त्या पिल्लांत रीफचा अंश इतका कमी की फोटोत कळणारच नाही. म्हणजे "हायब्रिड नाही" हेही फोटोवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी डीएनए लागतो. फोटोवरून आपण फक्त इतकंच सांगू शकतो की शुद्ध जातीतून हे स्पष्टीकरण पुरेसं आहे की नाही.

मित्राचा बगळा

आता त्या तीन फोटोंकडे. मूळ फाइली मागितल्या तर तीनच्या अकरा झाल्या. पहिला, ज्यावर सगळी चर्चा चालली होती, तो उजेडाच्या विरुद्ध होता, पण मागे एक पांढरा बगळा उभा होता आणि तो त्याच उजेडात पांढरा दिसत होता, म्हणजे आपला पक्षी खरंच करडा. ब्लॅक अँड व्हाइट केला तेव्हा चौथा फोटो कामाला आला, त्यात पक्षी पूर्ण बाजूने उभा होता, चोच बुडाशी जाड, वरची कड टोकाजवळ झुकलेली. मागचा पांढरा बगळा त्याच फ्रेममध्ये दोन पावलांवर होता, बारीक काळी चोच, साधा लिटल, त्याच्याशी गुणोत्तर जुळवलं तर करड्याची चोच ठळकपणे जाड निघाली.

रंगात चोच पिवळट-तपकिरी, खालची बाजू जास्त फिकट. पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रंगलेले (आपण गुडघा म्हणतो तो खरं तर घोटा), तिथून काहीच मिळालं नाही. नववा फोटो हललेला, उडतानाचा, मित्राने तो पाठवायचा नाही असं ठरवलं होतं. त्यात पंजे पिवळे आणि तो पिवळा नडगीवर विरत गेलेला. गळा सातव्या फोटोत पांढरा. डोळा पिवळा, बाहुली काळी, फ्लॅश नाही.

राहिली ती पांढरी पिसं. दोन्ही पंखांवर साधारण सारख्याच जागी नव्हती, विखुरलेली होती, पोटावरही. हायब्रिडसाठी मी मधली चोच शोधली, नाही मिळाली, चोच पूर्ण रीफची. मधले पाय शोधले, तेही रीफचेच. म्हणजे एकच खूण विचित्र उरली, ती पांढरी पिसं, आणि ती रीफच्या मधल्या मॉर्फमध्ये किंवा तरुण पक्ष्यात नेहमी दिसते. मी लिहिलं, वेस्टर्न रीफ इग्रेट, मिश्र रंगाचा, वय सांगता येत नाही.

मित्र दोन दिवस नाराज होता. मग त्याने जुनी हार्डडिस्क उघडली आणि पाच वर्षांपूर्वीचा आणखी एक करडा बगळा काढला, एकच फोटो, चोच बारीक आणि गडद, गळा मानेआड लपलेला, पाय पाण्यात. मी त्याला विचारलं उडतानाचा आहे का, तो म्हणाला डिलीट केला. त्या नोंदीत आम्ही जात लिहिलीच नाही, "लिटल किंवा वेस्टर्न रीफ" असं ठेवलं आणि टिपणीत लिहिलं: चोच एका बाजूने सरळ वाटते, कोन तिरका, पाय दिसत नाहीत, दुसरा फोटो नाही.